बारा वर्षांच्या मैत्रिणीला मनातलं सांगायचंय, पण तिला 'नाही' म्हणता आलं पाहिजे

औसा_रोड
नमस्कार मंडळी. वय ३३, औसा तालुक्यातला. ठिबकचं दुकान आहे आणि घरची सहा एकर. ती लातूरला एका बँकेत कृषी अधिकारी आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठात शेवटच्या वर्षी रावेला, म्हणजे गावात राहून शेतीचं काम शिकायचं असतं त्याला, आमचा गट एकाच गावात पडला, तेव्हापासूनची मैत्री. यंदा बारा वर्षं होतील. लग्न दोघांचंही झालेलं नाही.

गेल्या पावसाळ्यापासून मला ती वेगळीच वाटायलीय. आधी तसं काही नव्हतं, हे मी खरं सांगतो. आता दुकानात काही घडलं की पहिल्यांदा तिला सांगावं वाटतं, आणि ती दोन दिवस बोलली नाही तर कामात लक्ष लागत नाही. तिला सांगायचं ठरवलंय.

अडचण वेगळीच आहे. गेल्या वर्षी तिच्या वडिलांची बायपास झाली. मी नऊ दिवस दवाखान्यात त्यांच्यापाशी होतो आणि दीड लाख रुपये दिले. ती दर महिन्याच्या ५ तारखेला पाच हजार न चुकता परत करते, अजून नव्वद हजार बाकी आहेत. मला त्या पैशाची घाई नाही. पण ती माझी मिंधी आहे असं तिला वाटत असेल, तर मी विचारल्यावर ती मोकळ्या मनानं नाही कसं म्हणणार? नको असताना दिलेला होकार मला नको. आणि नकार दिला म्हणून तिनं माझ्यापुढं मान खाली घालून वावरावं, हे तर अजिबात नको.

दरवर्षी वेळ अमावस्येला आमचा सगळा ग्रुप माझ्या शेतात जेवायला येतो. भज्जी, आंबील, उंडे, सगळं आई करते. तेव्हाच तिला जरा बाजूला घेऊन सांगावं असं मनात आहे. जे बोलायचं ते लिहून काढलंय:

"तू मला खूप वर्षांपासून आवडतेस. तुझ्याशिवाय मला दुसरं कोणी सुचत नाही. तू नाही म्हणालीस तरी काही बिघडणार नाही, मी कायम तुझ्यासाठी असेन."

कसं वाटतं?

दत्तूकाका_निलंगा
पोरा, तू चांगल्या घरचा दिसतोस. असलं तोंडानं बोलायचं नसतं. तिच्या मामाला नाही तर चुलत्याला मध्ये घाल, रीतसर बैठक होऊ दे. नकार द्यायचाच असला तर मोठी माणसं परस्पर देतात, पोरीला तोंडावर बोलावं लागत नाही. आमच्या काळी हीच तर सोय होती.

गोदाकाठ
काका, तुमचा हेतू चांगला आहे, पण आमच्याकडं हे उलटं होताना मी पाहिलंय. बैठक म्हटली की तिच्या आईला कळलं, आत्याला कळलं. नऊ दिवस दवाखान्यात राहिलेला, दीड लाख दिलेला पोरगा आहे म्हटल्यावर तिच्या घरचे तिला नाही म्हणू देतील का? "एवढं केलं त्यानं, तुला अजून काय पाहिजे," असं चार बाजूंनी ऐकावं लागेल. तिला एका माणसाला नाही म्हणायचं होतं, ते आता दहा जणांना म्हणावं लागेल.

औसा_रोड दादा, माझ्यावरच हे बेतलेलं आहे म्हणून लिहितेय. माझा सात वर्षांचा मित्र होता. तुळजापूरहून येताना त्याच्या गाडीवर मागं बसले होते, संध्याकाळची वेळ, आणि त्यानं चालवता चालवता सांगितलं. घर अजून तासभर लांब. मी काय करणार? "बघू" म्हणाले. माझ्या मनात ते "नाही" होतं, त्याच्या मनात ते "होईल" होतं. पुढचे आठ महिने तो थांबला आणि मी त्याला टाळत राहिले. एक दिवस तो चिडून म्हणाला, "मग तेव्हाच का नाही सांगितलंस?" आज आम्ही बोलत नाही. तो वाईट माणूस नव्हता. त्यानं जागा चुकीची निवडली आणि मला खोटं बोलावं लागलं.

वेळ अमावस्येला ती तुमच्या शेतात, तुमच्या आईच्या हातचं जेवून, चार मित्रांच्या गाडीत बसून आलेली असणार. ती उठून जाणार कुठं?

औसा_रोड
ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला वाटत होतं की शेत म्हणजे मोकळी जागा, तिथं तिला बरं वाटेल.

बीडचा_पुण्यात
घाबरू नका. कॅनडात २०२१ साली एक अभ्यास झाला होता, दोन तृतीयांश जोडप्यांची सुरुवात मैत्रीतून झाली असं त्यात निघालं. म्हणजे दादा, तुमच्या बाजूनं शक्यता तीनात दोन! बारा वर्षं टिकलेली मैत्री आहे, बिनधास्त बोला.

अंबानगरी
मी अंबाजोगाईला समुपदेशनाचं काम करते, एकोणीस वर्षं झाली.

तो अभ्यास खरा आहे, पण त्याचा अर्थ तुम्ही लावला तसा होत नाही. ज्यांचं नातं जमलं त्यांना विचारलं होतं की सुरुवात कशी झाली. ज्यांनी मित्राला विचारलं आणि नाही ऐकलं, ते त्या मोजणीत आलेच नाहीत. बाजारात आलेली तूर बघून पेरलेली किती उगवली हे सांगता येत नाही, तसंच हे. औसा_रोड, तुमची शक्यता किती हे कुणीच सांगू शकत नाही. तीनात दोन असं मनात धरून गेलात तर ते तुमच्या चेहऱ्यावर दिसेल आणि नकार देणं तिला आणखी जड जाईल.

आता तुमचं वाक्य. प्रामाणिक आहे, पण त्यात तीन ठिकाणी नकळत तिच्यावर भार पडतो.

"खूप वर्षांपासून" हे खरंच नाही, गेल्या पावसाळ्यापासून असं तुम्हीच वर लिहिलंय. वजन यावं म्हणून माणूस वर्षं वाढवून सांगतो. ऐकणारीच्या मनात मात्र मागची बारा वर्षं पुन्हा चाळली जातात: तेव्हा मदत केली ती यासाठी का? दवाखान्यात थांबला तो यासाठी का? जे निव्वळ मैत्रीतून झालं होतं त्यावरही शंका येते. खरा काळ सांगा, तो तुमच्याच बाजूचा आहे.

"तुझ्याशिवाय दुसरं कोणी सुचत नाही" म्हणजे तुमचं पुढचं आयुष्य तिच्या उत्तरावर टांगलं. तिनं नाही म्हटलं तर तुमचं काय होईल, याची काळजी आता तिनं करायची.

तिसरं वाक्य तुम्हाला सगळ्यात उदार वाटत असेल, आणि मला खटकतं ते तेच. "मी कायम तुझ्यासाठी असेन" यात नकारानंतरही तुम्ही दारात उभे आहात. शिवाय "काही बिघडणार नाही" हे वचन तुम्ही आज देऊच शकत नाही. महिनाभर तुम्हाला त्रास होणारच, आणि तो तिला दिसणारच.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली एकतर्फी प्रेमावर काम केलं होतं. प्रेम करणाऱ्यांच्या आणि नाकारणाऱ्यांच्या, दोघांच्याही हकिकती गोळा केल्या. प्रेम करणाऱ्याला काय करायचं हे माहीत असतं, गोष्टी-गाण्यांनी त्याला ते शिकवलेलं असतं. चांगल्या माणसाला नकार कसा द्यायचा, हे मात्र नाकारणाऱ्याला कुणी शिकवलेलं नसतं. त्याला अपराधी वाटतं, शब्द सापडत नाहीत, मग तो गप्प बसतो किंवा गुळमुळीत बोलतो. गोदाकाठ यांचं "बघू" तिथूनच आलेलं आहे.

म्हणून माझा सल्ला: "तू नाही म्हणू शकतेस" एवढ्यावर थांबू नका. नाही म्हणायचे शब्दच तिच्या हातात द्या.

औसा_रोड
शब्द द्यायचे म्हणजे कसे, ताई?

अंबानगरी
उदाहरणार्थ: "तुला तसं वाटत नसेल तर 'मला तसं वाटत नाही' एवढंच म्हण. मेसेजवर म्हणालीस तरी चालेल. कारण मी विचारणार नाही."

शेवटचं वाक्य पाळायला अवघड आहे आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं. कारण विचारलं की नकाराची घासाघीस सुरू होते. ती म्हणते वडिलांची तब्येत, तुम्ही म्हणता मी सांभाळीन. ती म्हणते आत्ता लग्नाचा विचार नाही, तुम्ही म्हणता थांबतो. तिनं दिलेलं प्रत्येक कारण तुम्ही सोडवत जाता, आणि शेवटी तिच्याकडं एकच खरं कारण उरतं, की तुम्ही तिला तसे आवडत नाही. नेमकं तेच तिला तुमच्या तोंडावर बोलायचं नव्हतं.

वकील_जालना
आंतरजातीय आहे का? असल्यास १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी करता येते, ३० दिवसांची नोटीस लागते. नोटीस कार्यालयात लागते, त्यामुळं घरी कळण्याची तयारी ठेवावी.

औसा_रोड
वकील साहेब, धन्यवाद. जात वेगळी आहे हे खरं, पण अजून तिला विचारलेलंच नाही. लग्नापर्यंत गोष्ट गेलेली नाही.

माजलगाव८६
"घरचे ऐकणार नाहीत" हे उत्तर आलं तर काय करायचं, यावर मला बोलायचंय. अंबानगरी ताई, तुमचा मुद्दा पटतो, पण पूर्ण नाही. माझी बायको आधी माझी मैत्रीण होती, सहा वर्षं. मी विचारलं तेव्हा ती नेमकं हेच म्हणाली आणि ते शब्दशः खरं होतं. तिला मी हवा होतो, तिला वडिलांची भीती होती. तो नकार समजून मी निघून गेलो असतो तर आज आमच्या दोन पोरी नसत्या. आमच्या मराठवाड्यात मुलगी "मला तू आवडतोस पण" असं सरळ कुठं बोलते?

गोदाकाठ
माजलगाव दादा, तुमचं जमलं याचा मला खरंच आनंद आहे. पण मी त्या आठ महिन्यांत त्याला हेच कारण दोनदा सांगितलं होतं, आणि घरच्यांना मी विचारलंसुद्धा नव्हतं. ते कारण मी एवढ्याचसाठी निवडलं की त्यात त्याचा अपमान होत नव्हता. तुमची बायको आणि मी, दोघींचं वाक्य एकच. बाहेरच्या माणसानं ओळखायचं कसं?

अंबानगरी
शब्दांवरून ओळखता येत नाही, हे माजलगाव८६ यांचं मी मान्य करते. माझ्या समोर बसलेल्या लोकांत दोन्ही तऱ्हा पाहिल्यात. मला जो फरक दिसतो तो नंतरच्या दिवसांतला. जिला हवं असतं ती विषय स्वतः पुन्हा काढते, चार दिवसांनी, महिन्यानं, आडून का होईना. जिला नको असतं ती तो विषय कधीच काढत नाही. म्हणून त्या वाक्याला उत्तर एकच: "बरं. कळलं." पुढचं पाऊल तिच्यावर सोडायचं. पाच-सहा महिने काहीच आलं नाही तर ते नाहीच.

माजलगाव८६
मी "बरं" म्हणून गप्प बसलो असतो तर तिनं विषय काढला असता का, ते मला आजही सांगता येत नाही. तिला विचारलं तर हसते नुसती.

पाटी_कोरी
मी हे सगळं वाचायलेय कारण माझं उलटं आहे, मी मुलगी आहे आणि मित्राला सांगायचंय. त्यावर वेगळा धागा काढेन. इथं एवढंच विचारते: समोरासमोर सांगावं की लिहून? सगळे म्हणतात मेसेजवर सांगणं हा भित्रेपणा.

बीडचा_पुण्यात
समोरासमोरच. डोळ्यांत बघून बोललं की माणसाला खरेपणा कळतो. लिहिलेल्याला होकार येण्याची शक्यता कमी असते.

अंबानगरी
शेवटचं वाक्य बरोबर आहे, पण त्याचं कारण तपासून बघा. व्हनेसा बोन्स नावाच्या संशोधक आहेत, विनंती आणि नकार हाच त्यांचा विषय. त्यांना असं दिसलं की समोर उभं राहून विनंती केली तर अनोळखी माणसंसुद्धा लिहिलेल्या विनंतीपेक्षा कितीतरी जास्त वेळा हो म्हणतात, आणि विचारणाऱ्याला याची कल्पनाच नसते. तिथली विनंती फॉर्म भरून देण्याची होती, प्रेमाची नव्हती, त्यामुळं जसंच्या तसं लावू नये. पण समोर असताना नाही म्हणणं अवघड जातं, एवढं तर आपल्यालाही माहीत आहे. औसा_रोड यांना होकाराची शक्यता वाढवायची नाहीये, त्यांना खरं उत्तर हवंय.

तरी निव्वळ लिहून पाठवायलाही मी सांगणार नाही. ती बँकेत काउंटरमागं बसलेली असताना तो मेसेज उघडेल. सांगायचं समोर, थोडक्यात. उत्तर मात्र तिथं घ्यायचं नाही, ते नंतर, तिला हवं तसं. दोन्हीच्या मधलं हे मला बरं वाटतं.

गोदाकाठ
मला तर लिहिलेलं आवडलं असतं. एकटीनं वाचलं असतं, रडायचं तर रडले असते आणि दोन दिवसांनी नीट नाही म्हटलं असतं. आता ज्याचा त्याचा स्वभाव.

औसा_रोड
आणि पैशाचं काय करू? दोन दिवस एकच विचार चाललाय, तिला म्हणावं की बाकीचे नव्वद राहू दे. म्हणजे ती मोकळी होईल.

दत्तूकाका_निलंगा
हे नको करूस पोरा. बैठकीचं मी म्हणालो ते बाजूला ठेव, गोदाकाठच्या पोरीचं ऐकून मीही विचार केला. पण पैशाचं मला कळतं, पन्नास वर्षं उधारी-उसनवारी बघितलीय. माफ केलेलं कर्ज फिटत नाही, ते माणसाच्या डोक्यावर कायमचं बसतं. पाच हजारानं फेडतेय ना? फेडू दे. तेवढीच तिची ताठ मान आहे. माफी देऊन दुसऱ्या दिवशी मागणी घातलीस तर तुझं मन कितीही साफ असू दे, तो सौदा दिसेल.

अंबानगरी
काका, याहून चांगलं मलाही सांगता आलं नसतं. औसा_रोड, हप्त्याला हात लावू नका, माफ नको आणि वाढवूनही नको. फक्त बोलताना एकदाच म्हणा की ते वेगळं आणि हे वेगळं. पैसे पूर्ण फिटेपर्यंत, म्हणजे अजून दीड वर्ष, थांबावं असंही कुणी म्हणेल आणि ते चुकीचं नाही. माझं मत इतकंच की दीड वर्ष मनात ठेवून मैत्रिणीसारखं वागणं हेही एक लपवणंच होतं. निर्णय तुमचा.

आणि ग्रुपमध्ये आधी कुणालाही सांगू नका. एकालाही नाही. तिच्या आधी दुसऱ्याला कळलं तर तिनं नाही म्हटल्यावर तिला सगळ्यांची तोंडं बघावी लागतील.

औसा_रोड
थांबणार नाही. वेळ अमावस्या जाऊ देतो, त्यानंतरच्या दुसऱ्या शनिवारी, बँकेला सुट्टी असते. नाना-नानी पार्कात सकाळी. ती तिच्या स्कूटीवर येईल, म्हणजे कधीही निघू शकेल. तिला आधीच सांगतो की एक मनातलं बोलायचंय, दहा मिनिटं. नवं वाक्य:

"मला तू मैत्रिणीपेक्षा जास्त आवडायला लागलीस, गेल्या पावसाळ्यापासून. जमलं तर लग्नाच्या दिशेनं विचार करावा असं मला वाटतं. आज उत्तर नको. तुला तसं वाटत नसेल तर 'मला तसं वाटत नाही' एवढा मेसेज पुरे, कारण विचारणार नाही. बाबांच्या वेळचं जे काही आहे ते मैत्रीतलं आहे, त्याचा याच्याशी संबंध नाही. हे मी कुणालाच बोललेलो नाही."

अंबानगरी
चांगलं आहे. बोलून झालं की तुम्ही आधी उठा. तिला उठावं लागू नये.

गोदाकाठ
आणि रात्री "पोचलीस का?" विचारू नका. मला माहीत आहे, हात शिवशिवेल.

औसा_रोड
(महिन्याभरानं)
मंडळी, उशिरा लिहितोय. सांगितलं. वाक्य जसंच्या तसं आलं नाही, पावसाळ्याचं म्हणताना आवाज बसला, पण बाकी सगळं बोललो. ती ऐकत होती, मध्ये काही बोलली नाही. मी उठलो तेव्हा एवढंच म्हणाली, "नीट जा, रोडचं काम चालू आहे." रात्री मी मेसेज केला नाही. ताई, हात शिवशिवला.

पाचव्या दिवशी तिचा मेसेज आला. "मला तसं वाटत नाही. खूप विचार केला. तू शब्द देऊन ठेवले होतेस म्हणून लिहिता आलं." मी लिहिलं, "बरं. कळलं. सांगितलंस ते बरं केलंस." दुकान बंद करून विहिरीवर जाऊन बसलो. त्या रात्री जेवण गेलं नाही, आईनं विचारलं तर पित्त म्हणालो.

नंतर तीन आठवडे काहीच नाही. ग्रुपवर बोलते, माझ्याशी वेगळं बोलत नाही. संक्रांतीला ग्रुपमधले सगळे दुकानावर आले, ती आली नाही, आईला बरं नाही म्हणाली. खरं असेल किंवा नसेल, मी विचारलं नाही. माजलगाव दादा, तुमचं डोक्यात येतं कधी कधी, खोटं कशाला बोलू. पण तिनं घरच्यांचं नाव काढलेलं नाही. तिनं दिलेले शब्द स्वच्छ आहेत.

५ तारीख जवळ आली तशी मला धास्ती होती की ती कुठून तरी कर्ज काढून सगळे पैसे एकदम फेडील आणि मोकळी होईल. सकाळी साडेनऊला फोन वाजला. पाच हजार. खाली दर महिन्याला लिहिते तेच, "हप्ता". मीही दर महिन्याला लिहितो तेच लिहिलं, "मिळाले".

दत्तूकाका_निलंगा
बरं केलंस पोरा. दोन्ही वेळा.

पाटी_कोरी
दादा, ती ग्रुपवर पहिल्यांदा तुमच्याशी कशावर बोलली? म्हणजे सुरुवात कोणी केली?

औसा_रोड
तिनं. कुणीतरी तुरीच्या मर रोगाचा फोटो टाकला होता, मी काही तरी सांगितलं, आणि ती म्हणाली ट्रायकोडर्मा पेरणीच्या आधी टाकायला पाहिजे होतं, आता उपयोग नाही. बरोबर होतं तिचं.